कांदाभजी आणि कोरडा कागद

राजूरच्या आठवडे बाजारात माझ्या सासूबाईंचा भज्यांचा गाडा होता. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली तेव्हा झारा माझ्या हातात आला, पण मालकी त्यांचीच राहिली. मागे स्टुलावर बसून त्या कढईकडे कान लावायच्या. मला त्याचा राग यायचा. आंधळं माणूस माझी भजी काय तपासणार?

मी आपली अतिशहाणी. भजी लाल झाली की आधी गॅस बंद करायचे आणि मग निवांत एकेक काढायचे, म्हणजे गॅसही वाचतो आणि हातही पोळत नाही. डोंगरातली माणसं भजी बांधून जीपने घरी न्यायची. एका बाजारी नेहमीचे एक म्हातारबाबा पुडी परत घेऊन आले. कागद तेलाने पारदर्शक झाला होता. "भजी दिली का तेल पाजलं?" म्हणाले आणि समोरच्या गाड्यावर गेले.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या बाजारीबी असंच झालं, तर गाडा इकायचा."

घरी गेल्यावर रुसवा गिळून विचारलं, "आत्या, चुकतंय कुठं?"

"तळताना तेल आत शिरत न्हाई, बाय. आतलं पानी वाफ हून भाईर धावतंय, ती तेलाला आत येऊ देती व्हय? भजं निवलं की वाफ बसती, आत पोकळी हुती, अन् मग अंगावरचं तेल भजं वढून घेतं. तू तर त्याला तेलातच निवत ठेवती. चरचर थांबायच्या आत काढ, अन् लगेच झारा आपट."

त्या कान का लावायच्या, ते मला तेव्हा कळलं. चरचर म्हणजेच वाफ.

पुढच्या बाजारी आच मोठीच ठेवली. बुडबुडे जोरात असतानाच घाणा उचलला, वाफ निघत होती तोवर झारा कढईच्या काठावर तीनदा आपटला, आणि भजी जाळीवर सुटी पसरली. हात पोळला. म्हातारबाबांना हाक मारून कागदावर चार भजी खायला दिली. ते खाऊन गेल्यावर सासूबाईंनी हात पुढे केला.

"कागद दे."

त्यांनी तो अंगठ्याने चाचपला, पुन्हा चाचपला, आणि घडी करून कमरेला खोचला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"पुढल्या बाजारापासून म्या घरीच थांबते," त्या म्हणाल्या.

आज गाडा माझा आहे आणि लोक भज्यांचं कौतुक करतात. पण स्टूल मी अजून हलवलेलं नाही. कधी कधी फार वाटतं, त्या दिवशी कागद थोडा तेलकट निघायला हवा होता.