आधी कांदा

थोरलीचं टेबल दुकानातल्या सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी होतं. जिन्यावरून उतरणारं माणूस आपोआप तिच्या समोर यायचं आणि तितक्याच आपोआप पुढे निघून जायचं. त्याला थांबवणं हे तिचं काम. समोर दोरीचा चॉपर, सोललेले कांदे, गाजरं, आणि पुसायला ओलं फडकं. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा ती इथे उभी राहिली. दुकानात तिला सगळे चॉपरताई म्हणत. पगार बेताचा होता, पण घरात तिच्या शब्दाला वजन आलं ते या टेबलामुळेच. त्याआधी सासूबाई तिला मीठ कमी आहे का, एवढंच विचारत.

धाकट्या जावेला तिनेच शब्द टाकून दुकानात लावलं. दुसऱ्या दाराशी तिला टेबल मिळालं. शिकवणी घरच्याच ओट्याशी झाली.

"गिऱ्हाईक आपलं भाषण ऐकायला येत नाही," थोरली म्हणाली होती. "त्याच्या डोक्यात एकच असतं, रोजची चिराचिरी कशी टळेल. म्हणून आधी कांदा. तोंड उघडायच्या आत दोरी ओढायची आणि झाकण काढून भांडं पुढे करायचं. मग सांगायचं, कमी ओढलंत तर जाडसर, जास्त ओढलंत तर बारीक. मग बोटं पात्यापासून लांब राहतात ते. वीज लागत नाही, धुणं सोपं, हे त्यानंतर. पात्यांऐवजी बसवायची क्रीमची फेटणी सगळ्यात शेवटी."

"आणि मधेच गिऱ्हाईक निघून गेलं तर?"

"जाऊ दे. मुख्य गोष्ट तर घेऊन गेलं. घरी कांदा चिरताना आठवतं त्याला."

धाकटीने मान डोलावली. मान डोलावण्यात ती हुशार होती.

पुढे चॉपरच्या कंपनीने ठरवलं, या दुकानात एकच टेबल ठेवायचं. साहेब येऊन दोघींचं काम बघणार आणि एकीला ठेवणार. थोरलीला धास्ती नव्हती. शिष्या ती शिष्या.

साहेब आले, खांबाला टेकून उभे राहिले आणि सहज म्हणाले, "ही नवी फेटणी बाजारात दुसऱ्या कुणाकडे नाही बरं का."

थोरलीला वाटलं, हाच इशारा. जन्मभर कांदाच दाखवत आलो, आज साहेबांना कळू दे आपल्याला काय काय येतं. तिने दांड्यावरची पाती काढली, तिथे फेटणी बसवली आणि भांड्यात क्रीम ओतलं. चार बायका आणि पिशवी घेतलेले एक आजोबा थांबले. ती दोरी ओढत राहिली. क्रीम टेबलावर राहून कोमट झालं होतं, ते काही फुलेना. तेवढ्यात तिने घसरू न देणारी बैठक सांगितली, फ्रीजसाठीचं वेगळं झाकण सांगितलं, झाकणातली दोरीची चक्री पाण्यात बुडवू नका हेही सांगितलं. सांगताना ती बघत होती साहेबांकडे. एक बाई घड्याळ बघून गेली, तिच्यामागून बाकीच्याही. शेवटी आजोबा तेवढे उरले.

"बाई," ते म्हणाले, "यात कांदा चिरता येतो का?"

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. थोरलीने घाईने पाती बसवली, पण वरातीमागून घोडं. आजोबा तोवर चादरींच्या विभागात पोचले होते.

मग धाकटी उभी राहिली. ती काही बोललीच नाही. कांद्याच्या फोडी टाकल्या, झाकण लावलं, दोरी ओढली, भांडं पुढे केलं. एक बाई थांबली, तिच्यामागे तिची बहीण. मग जाडसर, बारीक, बोटं, वीज, धुणं. एकेक शब्द थोरलीचा होता, थांबण्याच्या जागासुद्धा. फेटणी तिने बिल करायला निघालेल्या बाईला दाखवली, तीही नुसती हातात देऊन.

"छान," साहेब म्हणाले. "कुणी शिकवलं?"

"सवयीनं येतं, सर," धाकटी म्हणाली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघी पाठमोऱ्या काम करत होत्या.

"माझं नाव घ्यायला जीभ जड झाली का गं?" थोरलीने विचारलं.

"घेतलं असतं, ताई. मग साहेब म्हणाले असते, त्यांनाच येतं तर त्यांनी असं का केलं? काय सांगायचं होतं मी?"

थोरली कणीक मळत राहिली.

"उद्यापासून दुपारी माझी मुलं शाळेतून येतील," धाकटी म्हणाली. "तेवढं बघाल ना त्यांचं? आता तुम्ही घरीच."

"बघीन."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, नळवाल्याला कधी बोलावायचं?"

"परवा बोलवा," थोरली म्हणाली.

"तुला नाही विचारलं. तू काय, असतेसच. धाकटीच्या वेळा बघून ठरवू."