तिसऱ्या खुर्चीमागची माई

आमच्या सलूनमध्ये खुर्च्या चार. मऊ गादीच्या, पायाने दाबलं की वर-खाली होणाऱ्या. त्यांच्यामागे आम्ही चौघी, आणि एकीलाही त्यांवर टेकायची मुभा नाही. मालकीणबाईंचं म्हणणं, गिऱ्हाईक दारातून आत आलं आणि काम करणारी बाई बसलेली दिसली तर दुकान रिकामं वाटतं. दोन गिऱ्हाइकांमधल्या वेळात आम्ही कंगवे पुसतो, केस झाडतो, काहीच नसलं तर आरशावर फडकं फिरवतो. पण उभ्याने.

माई तिसऱ्या खुर्चीची. दुसरीकडे कापून वाट लावलेलं डोकं घेऊन बायका तिच्याकडे यायच्या आणि तिची वाट बघत तासन्‌तास बसायच्या. कुरळे केस तिच्यासारखे कापणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही, आणि मी कुणाचं उगाच कौतुक करत नाही. घरी नवरा, सासू आणि धाकटा दीर. बाहेर तिची ओळख काय, तर ती खुर्ची. ती गेली तर माझ्याकडे उरतं काय, असं ती हसत म्हणायची, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तिचे पाय जन्मापासून सपाट. संध्याकाळी चपला काढून फरशी धुतली की आमच्या पावलांच्या ओल्या ठशांना मध्ये खोबण दिसायची आणि तिचं पाऊल अख्खंच्या अख्खं उमटायचं. आम्ही तिला बदक म्हणायचो. तीही चालून दाखवायची.

मग पाय दुखायला लागले. दुपारपर्यंत ठीक, नंतर तळव्याच्या आतल्या बाजूला ठणका सुरू. आमच्या धंद्यात एक पंचाईत अशी की गिऱ्हाइकाला समोरच्या आरशात स्वतःइतकाच आपलाही चेहरा दिसतो. एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी तिला विचारलं, माझं काही चुकलं का, तुम्ही इतक्या का रागावलात? त्या दिवशी माई घाबरली. दुसऱ्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात गेली, सोबतीला मी.

तिथल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ पण कामाच्या. त्यांनी माईला चवड्यावर उभं केलं. टाचा उचलल्या तशी तळव्याला चक्क कमान आली. म्हणजे पाय लवचिक आहे, बिघडलेला नाही, दमतोय, असं त्या म्हणाल्या. माईने विचारलं, बुटात सोल घालू की व्यायाम करू, दोन्हीतलं चांगलं कुठलं? बाई म्हणाल्या, उभं राहून काम करायचंय तर कमानीला आधार देणारे सोल घाला, दुखणं लवकर कमी होईल. पण सोल पायाचा आकार बदलत नाहीत, काढले की पाय आहे तसाच. ताकद व्यायामाने येते आणि तिला काही महिने लागतात. तेव्हा दोन्ही करा, आणि जमेल तेव्हा बसा. व्यायाम म्हणजे बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान आखडायची, आणि टाचा हळू वर, त्याहून हळू खाली. थोडेच, आणि सकाळी, ताज्या पायांवर. दमलेल्या पायांवर नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी ऐकलंय.

सोल आले. पहिले काही दिवस थोडा थोडा वेळ घालून सवय केली, आणि महिनाभरात माईचा आरशातला चेहरा पुन्हा माणसासारखा झाला. बसण्याचं मात्र राहिलं. तिने चाकांचं एक बुटकं स्टूल मागितलं, त्यावर बसून मागचे केस छान कापता येतात. मालकीणबाई म्हणाल्या, बघू. त्यांचं बघू म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक आहे.

पण घोडं अडलं घरी. धाकटे दीर जिममध्ये जाणारे, त्यामुळे शरीरशास्त्र त्यांच्या बापाचंच. सोल म्हणजे पायाला लावलेल्या कुबड्या, वहिनी, पाय आळशी होतात, फेकून द्या आणि टाचा उचलायचे व्यायाम मारा. नवऱ्याने मान डोलावली, सासूबाईंनी डोलावली. सोल घालणं हळूहळू लाजेची गोष्ट झाली. ज्यांनी आयुष्यात एक दिवस उभ्याने काम केलं नाही त्यांनी तिला उभं राहायला शिकवलं. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माईने सोल कपाटात टाकले. आणि मग तिने जे केलं ते आमच्याच जातीची बाई करणार, हात रिकामे ठेवायचे नाहीत या सवयीची. सकाळी घरात वेळ नाही, म्हणून व्यायाम दुकानातच. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून केस कापता कापता टाचा वर, टाचा खाली. ड्रायर चालू, टाचा चालू. दिवसभर उभे असलेले पाय, त्यावर हे, तेही आधार काढून. मी सांगितलं, अगं, बाईंनी दमल्यावर नको म्हटलं होतं. ती म्हणाली, थोडं केल्याने गुण येतो तर जास्त केल्याने लवकर येईल. घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आली, ती तिने मोज्यात लपवली.

एक दिवस शाम्पूची बाटली काढायला वरच्या फळीकडे हात केला आणि डावी टाच उचललीच जाईना. ती तशीच उभी राहिली, फळीला हात लावून.

डॉक्टरीणबाईंनी एका पायावर टाच उचलायला सांगितली. उजवी उचलली, डावी नाही. कमान धरून ठेवणारी शीर ओढून ओढून दुखावली होती. रागावल्या नाहीत त्या, त्याचंच मला वाईट वाटलं. घोट्याला पट्टा दिला, उभं राहणं बंद केलं. सोल पुन्हा बुटात गेले, आणि सूज उतरल्यावर व्यायाम अगदी पहिल्यापासून, बसून, रबरी पट्टी ओढून.

मालकीणबाईंनी तिला काढलं नाही. बिलाच्या टेबलामागे बसवलं. उंच पाठीची नवी खुर्ची आणली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागल्या, आम्ही आमच्या माणसांची काळजी घेतो. तिसऱ्या खुर्चीमागे नवी मुलगी आली. माईची गिऱ्हाइकं आधी हळहळली, मग नव्या मुलीकडे बसायला लागली. केस काही कुणासाठी वाढायचे थांबत नाहीत.

माई मात्र इमानाने सगळं करत राहिली. बुटात सोल, सकाळी थोडासा व्यायाम, एक दिवस खाडा नाही. दिरांनी काही म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायची. कितीतरी महिने गेले. शेवटी बाईंनी तपासून सांगितलं, मधून मधून बसायला मिळालं तर काम सुरू करा.

दुसऱ्या दिवशी माई स्वतःच्या कात्र्या पिशवीत घालून आली. गिऱ्हाईक नव्हतं. मालकीणबाई टेबलाशी उभ्या राहून फोनवर काहीतरी बघत होत्या. माई त्यांच्यासमोर गेली, बूट काढले, टेबलाला दोन बोटं टेकवली, उजवा पाय उचलला आणि डाव्या पायाची टाच वर नेली. सरळ, न थरथरता. तळव्याला ती कमान आली. माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला.

"बघा," माई म्हणाली. "आता उभी राहू शकते मी. एक स्टूल तेवढं द्या."

मालकीणबाईंनी फोनवरून नजर काढली, खाली पायाकडे पाहिलं.

"छान झालं हो," त्या म्हणाल्या. "पण ती मुलगी आता रुळलीये. कालची बिलं लावून झाली का?"

माईने टाच खाली आणली, डॉक्टरीणबाईंनी शिकवल्यासारखी, हळू. बूट घातले. कात्र्यांची पिशवी टेबलाखाली सरकवली आणि आपल्या नव्या खुर्चीवर जाऊन बसली.