रोवण्यातला आठवडा

आमचं कॉलेज हमरस्त्यावर होतं. ट्रक गेला की वाक्य अर्ध्यावर थांबवायचं, ही सवय मला तिथेच लागली. मी तत्त्वज्ञान शिकवत असे, आणि विद्यापीठाच्या ठरीव अभ्यासक्रमाचा मला कंटाळा आला होता. म्हणून प्राचार्यांच्या मागे लागून मी परीक्षेबाहेरचा एक वर्ग मिळवला: जगातल्या धर्मांची तोंडओळख, आठवड्यातून एकदा, जूनअखेरपासून दिवाळीपर्यंत. सरांनी अट घातली. वर्ग शेवटपर्यंत भरलेला राहिला तर पुढच्या वर्षी चालू, नाहीतर बंद. मला तो वर्ग फार हवा होता.

उन्हाळाभर मी आणि आमचे ग्रंथपाल आराखडा करत बसलो. पहिले दोन आठवडे धर्म म्हणजे काय आणि दुसऱ्याचा धर्म कसा वाचावा यासाठी. मग एकेक धर्म, कालक्रमाने, आणि प्रत्येकाला तेच प्रश्न: उगम, ग्रंथ, आचार, समाज, आजचं रूप. तुलना अगदी शेवटी. दर आठवड्याला मूळ ग्रंथातला एक उतारा आणि त्या धर्माच्या माणसाने लिहिलेलं थोडं काही. पुस्तकांची प्रत एकेकच, त्यामुळे उतारे स्टेन्सिलवर काढून सायक्लोस्टाइल करायचे. दहा पानांच्या वर एक ओळ नाही, कारण पोरं वाचणार बसमध्ये. ग्रंथपालांची बोटं काळी, माझा पदर काळा, आणि मी अगदी खुशीत.

पहिल्याच तासाला मी आराखडा वाटला. आसगावकडून येणारा एक मुलगा तो बराच वेळ बघत राहिला आणि मग उठला.

"मॅडम, तुमी आमचा धर्म रोवन्यात टाकला जी."

मला आधी कळेचना. मग त्याने तारखा दाखवल्या. जैन आणि बौद्ध धर्माचे आठवडे नेमके धानाच्या रोवणीवर, म्हणजे भातलावणीवर, आले होते. त्या पंधरवड्यात निम्मा वर्ग चिखलात असणार, आणि तो स्वतः बौद्ध, म्हणजे स्वतःच्याच धर्माच्या दिवशी गैरहजर. याच जिल्ह्यात जन्मून मला रोवणी आठवू नये, याचा मला संताप आला, आणि तो मी घरी भांड्यांवर काढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आठवडे हलवायला लागलो. इस्लाम तिथे नेला तर वर्गातली ती हमरस्त्यावरच्या मुसलमान दुकानदाराची मुलगी रुसणार. हिंदू धर्म नेला तर सरच रुसणार. ग्रंथपाल म्हणाले, तिथे यहुदी धर्म ठेवा, भंडाऱ्यात भांडायला कोण येणार आहे? मी हसले आणि क्षणभर मोहातही पडले. पण ज्याचा माणूस वर्गात नाही त्याला रिकामे बाक द्यायचे असतील तर हा वर्ग काढलाच कशाला? शिवाय तो नीट वाचल्याशिवाय ख्रिस्ती आणि इस्लामचं पुढचं वाचन कळणार कसं?

शेवटी मी ते दोन आठवडे मोकळे सोडले आणि बाकीचे पुढे ढकलले. त्या जागी लिहिलं: वाचन नाही. बांधावर, तळ्यावर, दुकानात काम सुरू करण्याआधी घरची माणसं काय करतात ते बघा, का ते विचारा, पानभर लिहून आणा. सर भडकले. वाचन नाही तर अभ्यासक्रम कसला, म्हणाले, आणि पोरं परतली नाहीत तर बघा, असंही बजावलं. ते पंधरा दिवस मी रिकाम्या बाकांकडे बघत काढले. जेवण गोड लागेना.

रोवणी आटोपली आणि पोरं आली. सगळी. सर मागच्या बाकावर येऊन बसले होते. मासेमारीच्या घरातली एक मुलगी, जिने तोवर तोंड उघडलं नव्हतं, तिने वाचलं की बाप जाळ्यातली पहिली मासोळी तळ्यात परत सोडतो. मग आसगावचा मुलगा उठला. त्याची आई पहिले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावण्याआधी माती कपाळाला लावते. देव मानत नाहीस मग हे कायले, असं त्याने विचारलं होतं.

"माय म्हणे, देवासाठी नाई बापू. तिच्यावर पाय द्याचा हाय ना, म्हून."

हा धर्म की नाही, यावर वर्ग असा पेटला की घंटा झाली तरी कुणी उठेना. सरही उठले नाहीत. उलट तेच वाद घालत होते.

पुढच्या सोमवारी जैन धर्म झाला, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी बौद्ध धर्म होता. मला यायला उशीर झाला, सायकल पंक्चर. धापा टाकत व्हरांड्यात आले तर आतून आवाज येत होते. आसगावचा मुलगा उतारा मोठ्याने वाचत होता आणि दुकानदाराची मुलगी त्याला अडवून प्रश्न विचारत होती. एकही बाक रिकामा नव्हता. मी दाराबाहेरच उभी राहिले आणि पदराने डोळे पुसले.