एक की नऊ

२०२३ साल. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. मार्केट यार्डात जन्मभर पोती वाहिली, शाळा चौथीपर्यंतच. तरी लेकीला अक्षर मी शिकवलं, मास्तरांनी नव्हे. पस्तिशीत ती रुग्णसेवेच्या कोर्सला बसली, परीक्षा दिली आणि पंधरा दिवसांत तापानं गेली. निकाल मागून आला. चार विषयांत पास, पाचव्यापुढे ‘गैरहजर’.

गैरहजर? त्या पेपरला मीच तिला फाटकापर्यंत सोडलं होतं. गेलेल्या माणसाच्या नावावर खोटं कशाला ठेवू? गेलो परीक्षेच्या कचेरीत.

तिथल्या बाई म्हणाल्या, “आजोबा, कॉम्प्युटरला जे दिसतं तेच तो सांगतो.”

“हजेरीवर सही कुणी केली मग? त्यानंच?”

बाई हसल्या नाहीत, पण उठल्या. हजेरीच्या कागदावर लेकीची सही होतीच. मग शोधाशोध झाली. त्या दिवशी बारकोडचे स्टिकर संपले होते, म्हणून सगळ्यांनी नंबर हातानं लिहिले. पेपर स्कॅन झाले, नंबर मशीननं वाचले. लेकीचा नंबर दोन-तीन-शून्य-एक. पहिले तीन आकडे मराठी-इंग्रजीत जवळजवळ सारखेच. पण तिचा मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसला. नऊवाल्याचा पेपर आधीच जमा, म्हणून हिचा ‘दुबार’ ठरून बाजूला पडला.

“आकडे इंग्रजीत लिहा, अशी सूचना होती हो,” बाई म्हणाल्या.

आपल्या घरात आकडे मराठीतच, हा हट्ट माझा होता.

पडद्यावर दोन्ही पेपर उघडले. शेजारी मशीननं वाचलेला मजकूर. एकात ‘जखम’चं ‘जरवम’ केलेलं, पानभर.

“हा तिचा,” मी म्हणालो. ख ची दोन अंगं सुटी ठेवायची खोड माझी, तिच्यात उतरलेली.

बाईंनी तिचे बाकीचे चार पेपर शेजारी लावले. तोच ख, तसाच पोट फुगलेला ळ, ओळ तशीच उजवीकडे उतरत गेलेली.

“नंबर कुणीही लिहील, आजोबा. पानं भरून दुसऱ्याचं अक्षर काढणं अवघड.” मग हळूच म्हणाल्या, “पण समिती बसेल. स्कॅनमध्ये पेनाचा दाब कळत नाही. मूळ पेपर गोदामातून काढू, सोबत घरचं शाईचं अक्षर लागेल. झेरॉक्स नको. फायलीला लागलं की परत मिळणार नाही.”

घरी तिची एकच वही उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन खिडकीशी बसलो. माझ्या गोळ्यांच्या वेळा लिहिलेलं पान देववेना. जखम कशी धुवावी, हे लिहिलेलं पान निवडलं. पट्टी लावून सावकाश फाडलं, वर्तमानपत्रात घातलं आणि कचेरी उघडायच्या आत दाराशी जाऊन उभा राहिलो.