शेपूट उजवीकडे

येरवड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्रियदर्शनी सोनवणे मॅडमची जीभ म्हणजे अस्सल पुणेरी सुरी. चाळीस गुणांची सराव परीक्षा घेतली, निकाल पडला, आणि मॅडमनी आठ गुण पडलेल्या मैत्री नावाच्या मुलीच्या वडिलांना फोन लावला, "पोपटराव, पोरीला हा विषय झेपायचा नाही. बदलून टाका." पोपटराव लोहगावाकडचे, शिक्षकाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ मानणारे. लगेच "येतो" म्हणाले.

ते यायचे तो दिवस उजाडला तो नेमका विषमता, म्हणजे आलेखाचं एका बाजूला झुकणं, शिकवायचा. वर्गाला चांगलं खजील करावं म्हणून मॅडमनी याच परीक्षेच्या गुणांचा आलेख फळ्यावर काढला. सहा ते बारात पोरांची दाटी, मग उजवीकडे लांबत गेलेली शेपटी, टोकाला छत्तीस गुणांचा एकटा अभय.

"मधल्या पोराला नऊ, सरासरी बारा. वरच्या दोनचार जणांनी सरासरी वर ओढली. शेपूट उजवीकडे, म्हणजे विषमता धन. आता सांगा, यावरून काय कळतं?"

मागच्या बाकावरचा ऋषी म्हणाला, "मॅडम, पेपर लई हार्ड होता."

"अरे वा! अभ्यास करायचा नाही आणि पेपरला नावं ठेवायची?"

"तुम्हीच आत्ता विचारलं ना, आलेखावरून काय कळतं. दिवाळीआधीच्या टेस्टला गर्दी उजवीकडं, जास्त गुणांकडं, शेपूट डावीकडं. पेपर सोपा होता. आम्ही तीच पोरं."

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मॅडमच्या हातातला खडू थांबला. तेव्हा त्या सोप्या पेपरचा निकाल त्यांनी स्टाफरूममध्ये मिरवला होता, "शिकवणं म्हणतात याला." आणि या वेळी पेपर काढताना शेजारच्या नामांकित क्लासचे प्रश्न उचलले होते, वर्गात न झालेले. तेव्हाचं श्रेय आपलं, आताचा दोष पोरांचा. आठ गुणांची मैत्री त्या दाटीतलीच एक होती. ती ढ असेल, तर सगळा वर्गच ढ. एका महिन्यात सगळा वर्ग ढ कसा होईल?

इतक्यात दारात पोपटराव उभे राहिले, हातात विषय बदलायचा अर्ज.

"मॅडम, सही कुठं करायची हाय?"

मैत्रीनं मान खाली घातली. मॅडम दाराशी गेल्या. आवाज मुद्दाम मोठा केला, वर्गाला ऐकू जावा म्हणून.

"सही नको करू. करू नका, म्हणजे. पोरीला झेपतंय. पेपर मीच नको तेवढा अवघड काढला. पुन्हा घेते. फोनवर बोलले ते चुकलं माझं."

पोपटरावांनी अर्जाची घडी घातली आणि हात जोडले. "लई उपकार झालं, मॅडम. घरी लई बोललो हो तिला."

मॅडमना त्या जोडलेल्या हातांकडे बघवेना. त्या वळल्या आणि फळा तसाच ठेवून खुर्चीत बसून राहिल्या.