मावशींचं पान

आमच्या विम्याच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर एक मावशी बसायच्या. सव्वीस वर्षं दाव्यांचे कागद तपासत आल्या होत्या. स्वभाव असा की एक दावा हातावेगळा केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. बाकीची पोरं संगणकावर एकाच वेळी दाव्यांची सहा-सहा पानं उघडून ठेवायची आणि एक उघडेपर्यंत दुसऱ्यात काम करायची. मावशी तसं करायच्या नाहीत. पूर्वी एकदा अशाच घाईत एकाचा दावा दुसऱ्याच्या नावावर चढला होता, तेव्हापासून कानाला खडा.

मी तिथला नेटवर्कवाला. म्हणजे इंटरनेटच्या दारावर जो फायरवॉल नावाचा पहारेकरी बसतो, त्याचा मालक मीच. साताठ महिन्यांपूर्वी वरून हुकूम आला की येणारं-जाणारं प्रत्येक पान उघडून आतून तपासा. मी तसं लावून दिलं. पहारेकरी आता प्रत्येक पानाचं कुलूप काढायचा, आत डोकावायचा, हे पान कुठल्या प्रकारचं आहे हे बाहेरच्या एका सर्व्हरला विचारायचा आणि उत्तर आलं की पुन्हा कुलूप लावून आत सोडायचा. काम चोख झालं म्हणून मी खूश.

थोड्या दिवसांनी मावशींची तक्रार आली, पान उघडायला वेळ लागतो. मी माझ्या जागेवरून तेच पान उघडलं. क्षणात आलं. तक्रारीवर 'दोष आढळला नाही' असं लिहून ती बंद केली. असं सात वेळा झालं. सातव्यांदा तर मी फोनवर हसून म्हणालो की मावशी, मशीन ठीक आहे, जरा हात चालवा. स्वतःला काय समजत होतो, देव जाणे.

दरम्यान साहेबांनी कामाचे आकडे काढले. मावशी सगळ्यांत खाली. त्यांच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला गेला आणि शुक्रवारपर्यंत सही करा, नाहीतर चौकशी लावू, असं सांगितलं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याची औषधं याच पगारावर. सगळ्या मजल्याला ही गोष्ट माहीत होती, मलाही.

शुक्रवारी दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर प्रिंटरसाठी गेलो होतो. मावशींनी हाक मारली. आवाजात राग नव्हता.

"अरे, एकदा माझ्या खुर्चीत बसून बघ ना."

बसलो. त्यांनी एक पान उघडायला सांगितलं. एक, दोन, तीन, चार... पाचव्या सेकंदाला पान आलं. पुढचं पान, पुन्हा पाच. एका दाव्याला अशी अकरा पानं लागतात. माझ्या मशीनला मीच तपासणीतून वगळलं होतं, कामाला अडथळा नको म्हणून! सात वेळा मी पहाऱ्याच्या मागच्या दारातून आत येऊन म्हणत होतो की दारात गर्दी नाही.

धावतच माझ्या जागेवर गेलो आणि नोंदी उघडल्या. तो बाहेरचा सर्व्हर उत्तरच देत नव्हता. तीन सेकंद वाट पाहून पहारेकरी दुसऱ्या सर्व्हरला विचारायचा, वर कुलूप काढण्या-लावण्याचा वेळ वेगळा. एकदा विचारलेलं लक्षात ठेवावं, तर दाव्याच्या प्रत्येक पानाचा पत्ता निराळा, त्यामुळे दर वेळी नवी चौकशी. सगळ्या मजल्याला हाच उशीर होता. पोरांचा उशीर सहा पानांत लपत होता, मावशींचा उघडा पडत होता. दाव्यांची साइट मी विश्वासाच्या यादीत टाकली, तिला ना तपासणी ना चौकशी. दहा मिनिटांचं काम.

परत वर गेलो. मावशींनी पान दाबलं. बोट उचलायच्या आत पान हजर. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. मी सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. चूक माझी, मावशी, तुमची नाही.

त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

मला कळेना. मग त्या सांगू लागल्या. त्यांच्या आईला म्हातारपणी विसर पडायला लागला होता, सुरुवात अशीच संथ झाली होती. पोरं दोन दावे करतात आणि आपला एक होत नाही, म्हणजे आपलीही तीच वाट, असं त्यांनी धरून घेतलं होतं. डॉक्टरांना दाखवलं, मेंदूचा फोटो काढला. रिपोर्ट चांगला आला तरी विश्वास बसला नव्हता. घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

"तुमचं डोकं ठणठणीत आहे, मावशी. थांबत होतं ते पान."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग हळूच म्हणाल्या, "मग मी सकाळी सही कशाला केली रे?"

मी तडक निघालो. साहेबांच्या दारापाशी गेलो, तर आतून कळलं की कागद दुपारीच वर गेला आणि मंजूरही झाला. मी तिथेच उभ्या-उभ्या कबुलीजबाब लिहून दिला, सातही तक्रारी नावानिशी, तारखेनिशी. साहेबांनी तो घेतला आणि म्हणाले, बघू.

मी परत आलो तेव्हा मावशी शेवटचा दावा तपासत होत्या. एकच पान उघडं होतं.