सुक्या मासळीच्या शेडचा शेवटचा मेसेज

नेत्रा मयेकर कमी बोलते, म्हणून भाट्याच्या आळीत ती थोडी शिष्ट समजली जाते. तिला ते माहीत आहे आणि त्याचा तिने कधी खुलासा केलेला नाही. सकाळी उठून भाकऱ्या, मुलीचा डबा, नवऱ्याचा डबा, मग स्कूटरवरून एमआयडीसी. नवरा गुरुप्रसाद एसटीत कंडक्टर आहे. त्याची ड्युटी कधी पहाटेची, कधी मुक्कामाची, त्यामुळे घरातलं घड्याळ तिच्यावरच चालतं.

ती ज्या कंपनीत आहे तिथे मासळी गोठवून परदेशी पाठवतात. नेत्रा तिथे गुणवत्ता तपासते. शिरगावला मत्स्य महाविद्यालयात शिकली, लग्न झालं, मुलगी झाली, मग नोकरी. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या मालकांचा मुलगा चिराग तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, सुकी मासळी करायची. स्वच्छ, पाकिटातली, मोठ्या दुकानांत जाणारी. शेड तुमच्या ताब्यात."

ती शेड म्हणजे नेत्राच्या आयुष्यातलं पहिलं काम, जे तिने नुसतं तपासलं नाही, स्वतः केलं. बंदरावरच्या मिरकरवाड्यातल्या सात बायका तिने स्वतः जाऊन गोळा केल्या. त्यात सगळ्यांत मोठी कमळा. जन्मभर मासळी बाजारात बसलेली, आवाज असा की शेडीच्या एका टोकाला बोलली की दुसऱ्या टोकाच्या बाईची डोक्यावरची टोपी सरळ होई. वाळूवर पसरून वाळवलेल्या जवळ्यात वाळू जातेच, कुत्री फिरतात, माशा बसतात. इथे उंच मांडवांवर जाळ्या, वर पारदर्शक कापड, आतली गरम हवा बाहेर ओढणारे पंखे. जवळा बर्फाच्या पाण्यात धुवायचा, मिठाच्या पाण्यातून काढायचा, पातळ पसरायचा, आणि पाण्याचा अंश मापाने तपासल्याशिवाय पाकिटात भरायचा नाही.

हे सगळं बायकांनी पटकन उचललं. अडलं ते बांगड्यांवर. खाद्यपदार्थाच्या कामात हातात बांगडी चालत नाही. कमळा म्हणाली, "नवरा जिता हाय माझा. बांगड्या काढून येऊ? घो काय म्हणंल?" नेत्राने वाद घातला नाही. घरच्या मशीनवर कोपरापर्यंतच्या कापडी बाह्या शिवल्या, दोन्ही टोकांना घट्ट इलॅस्टिक, रोज उकळून वापरायच्या. तपासायला आलेल्या माणसाने त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि मान हलवली. त्या दिवशी कमळा तिला पहिल्यांदा "मॅडम" सोडून "बाय" म्हणाली.

माल उत्तम झाला. खपला नाही. ज्या दुकानांसाठी पाकिटं केली, तिथलं गिऱ्हाईक सुकी मासळी हातात घेऊन, चोळून, वास घेऊन विकत घेणारं. बंद पाकिटाला ते हात लावीना. शिवाय बाजारातल्या जवळ्यापेक्षा भाव जवळजवळ दुप्पट. दुकानांनी नवी मागणी नोंदवली नाही. एका शुक्रवारी चिरागने नेत्राला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की भागीदारांनी निर्णय घेतला, शेड बंद.

"कायमची?" नेत्राने विचारलं.

"हो. पंखे, जाळ्या विकायच्या. वाईट वाटतंय मॅडम, पण झालं." मग त्याने फोनवर तिला मजकूर पाठवला. "हा तुमच्या ग्रुपवर टाका."

सुकी मासळी विभागाचे काम तूर्त थांबवण्यात येत आहे. पुढील सूचना मिळताच कळवण्यात येईल. सहकार्याबद्दल धन्यवाद.

"'तूर्त' कशाला?"

"तसं लिहिलं की माणसं शांत राहतात."

नेत्राने तो तसाच पुढे पाठवला. बायका खरंच शांत राहिल्या. जोडलेल्या हातांची चित्रं आली, "ओके मॅडम" आलं. त्यांच्यातली सगळ्यांत तरुण दीपाली, तिने तर "तवर आराम करतो" लिहून हसरा चेहरा टाकला. नेत्राला बरं वाटलं. रडारड नाही, प्रश्न नाहीत. या बरं वाटण्याचीच तिला नंतर लाज वाटली.

रविवारी ती मासळी घ्यायला मिरकरवाड्याला गेली. कमळाची थोरली जाऊ गंगुबाई तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. बाजारातल्या या जागांना कागद नाही. सासू जिथे बसली तिथे तिची सून बसते. दोघी जावा एकाच जागेवर शेजारी बसायच्या. कमळा शेडीत गेली तेव्हा तिने आपल्या वाट्याची बाजू जावेकडे सोडली होती. एखादी काही काळ आली नाही तर जागा तिचीच धरतात. पण तिथे नवी सून नारळ फोडून बसवली, की ती जागा त्या सुनेची. मग तिला उठवत नाहीत, भांडण कोर्टात गेलं तरी नाही.

"या मॅडम," गंगुबाई म्हणाली. "तुमच्या शेडीनं आमचा वाद मिटवला बघा."

"कसला वाद?"

"गेल्या महिन्यात पोराचं लगीन झालं. सुनेला बसवायची तर कमळाची बाजू लागतेय. शेड थांबली ऐकलं म्हणून मी इचारलं, बाय येतेस काय परत? येणार असशील तर आता सांग. तर बोलते, मी कशाला येऊ? पावसात बंदी असते तेव्हा बोटी थांबतात, मोडून टाकतात काय कोण? बंदी उठली की जातात. आमची शेड तशीच." गंगुबाईने कोळंबीचा वाटा पिशवीत सारला. "उद्या सकाळी बसवते सुनेला. नारळ आणून ठेवलाय."

नेत्रा पिशवी हातात धरून उभी राहिली. दर पावसाळ्यात दोन महिने समुद्र बंद होतो आणि दर वर्षी तो उघडतो. ज्या माणसांचं सगळं आयुष्य असं थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, त्यांना 'थांबवण्यात येत आहे' याचा दुसरा अर्थ लागणार तरी कसा? तिने हे पाठवताना ओळखायला हवं होतं. तिचे वडील बोटीवर तांडेल होते.

गंगुबाईला तिथेच सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं. पण कमळाचं काम गेलं हे कमळाच्या आधी तिच्या जावेला, भर बाजारात कळावं? ती घरी आली.

गुरुप्रसादची सुट्टी होती. तो मोरीपाशी पाट टाकून कोळंबी सोलायला बसला आणि नेत्राने त्याला सगळं सांगितलं.

"मग तू गप्प का?" तो म्हणाला. "गाडी रद्द झाली तर आम्ही फलाटावर ओरडून सांगतो, गाडी रद्द. लोक शिव्या देतात आणि दुसरी सोय बघतात. 'तूर्त येत नाही' म्हटलं तर म्हाताऱ्या पिशव्या धरून सकाळपर्यंत बसतील."

"साहेबांचा मजकूर आहे."

"मजकूर त्यांचा, ग्रुप कोणाचा?"

तिने चिरागला फोन लावला. रविवारी फोन आलेला त्याला आवडला नाही, ते त्याच्या आवाजात कळलं.

"मॅडम, पुढे कधी माणसं लागली तर? तोडून कशाला टाकायचं?"

"साहेब, कमळा उद्या बाजारातली जागा सोडतेय. ती परत मिळत नाही. तुम्ही शेड सुरू करणार असाल तर तारीख सांगा, मी तीच कळवते."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"नाही करणार," तो म्हणाला.

"मग तेच लिहिते."

"लिहा. पण खाली नाव तुमचं."

"पहिल्यालाही माझंच होतं," नेत्रा म्हणाली आणि फोन ठेवला.

जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून तिने लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं. "आपणा सर्वांच्या अथक परिश्रमांमुळे" असं एक वाक्य आलं, ते वाचून गुरुप्रसाद म्हणाला, "हे डेपोतल्या निरोप समारंभाला." तेही गेलं. शेवटी राहिलं ते असं:

"कमळावहिनी, दीपाली आणि सगळ्याजणी, सुक्या मासळीची शेड कायमची बंद झाली आहे. ती पावसाळ्यानंतर किंवा पुढच्या वर्षी सुरू होणार नाही. हे मला शुक्रवारीच माहीत होतं, तरी मी 'तूर्त थांबवत आहोत' असं पाठवलं. ते चूक होतं. त्यावर विसंबून कोणी काही ठरवलं असेल तर आजच बदला.

पाकिटातला माल दुकानात खपला नाही आणि आपला भाव बाजारापेक्षा फार जास्त पडला, म्हणून कंपनीने हा निर्णय घेतला. तुमच्या कामात खोट नव्हती. दोन वर्षांत आपला एकही माल तपासणीत नापास झाला नाही. हे मी स्वतः तपासलेलं आहे, खूश करायला सांगत नाही.

या महिन्याचा पूर्ण पगार मिळेल. कंपनीच्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये सध्या जागा नाही, म्हणून त्याची आशा लावत नाही. दुसरीकडे कामाला लागताना अनुभवाचं पत्र हवं असेल तर मी सहीनिशी देईन. विचारायचं, बोलायचं, रागवायचं असेल तर फोन करा किंवा घरी या. नेत्रा मयेकर."

पाठवला. लगेच कमळाला फोन लावला. तिने उचलला नाही. ग्रुपवर सगळ्यांनी वाचल्याची खूण झाली, पण या वेळी हात जोडलेले आले नाहीत. मुलीने विचारलं, "आई, सोलकढी करू का?" नेत्राला ते ऐकूच गेलं नाही.

दिवेलागणीला दाराशी स्कूटर थांबली. दीपाली बाहेरच उभी राहिली. कमळा आत आली आणि खुर्ची असताना उंबऱ्याशी खाली बसली. नेत्राही तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"पैला मेसेज कोणी लिवला?" कमळाने विचारलं.

"साहेबांनी. पाठवला मी."

"तुला ठाव होतं?"

दोन वर्षांत कमळाने तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

"हो."

"मी साऱ्या वाडीत सांगत सुटले, आमची शेड चालू होनार. आमच्या मॅडम फशिवनाऱ्या नायत." कमळाचा आवाज चढला नाही. चढला असता तर नेत्राला सोपं गेलं असतं. "आता जावंकडं जाऊन बोलू काय? मेसेज दाखवू? ती म्हनंल, काल येक, आज येक. सुनेची जागा बगून हिच्या पोटात दुखाय लागलं."

"मी येऊन सांगते."

"फोनवरून नको."

"फोनवरून नाही. सकाळी बाजारात येते."

चहा घ्या म्हटलं तर कमळाने घेतला नाही. उठताना तिने गुडघ्यावर हात टेकला, आणि नेत्राने पुढे केलेला हात मात्र धरला नाही.

सकाळी लिलाव उरकत आला होता तेव्हा नेत्रा पोचली. गंगुबाईची सून नव्या साडीत कडेला उभी होती. हातात सुरी कशी धरायची हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. कमळा दोन पावलं मागे, कोणाकडेही न बघता. नारळ फोडायचा अजून बाकी होता.

"गंगुबाई," नेत्रा म्हणाली. शेजारच्या बायकांचे हात थांबले. तिला इतक्या माणसांसमोर बोलायची सवय नव्हती. "शेड थांबलेली नाही, संपली. परत होणार नाही. कमळावहिनींना मी आधी चुकीचं कळवलं, म्हणून त्या तुम्हाला नाही म्हणाल्या. चूक माझी आहे, त्यांची नाही."

गंगुबाईने तिच्याकडे पाहिलं, मग जावेकडे.

"आता गो? सुनेला तयार करून आणलीय. हिला माघारी नेऊ?"

सून खाली बघत होती.

"लोकांच्या शेडीत टोपी घालून राणी झालीवतीस," गंगुबाई कमळाला म्हणाली. "दोन वर्सं आमची याद नाय आली."

"आली नाय," कमळा म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

गंगुबाईच्या गळ्यातून हसू आणि खोकला यांच्यामधला काहीतरी आवाज निघाला. तिने नारळ पिशवीत परत टाकला. बर्फाची पेटी पायाने ढकलली, आपली टोपली अंगाजवळ ओढली. सुनेला आपल्या मागे बसवलं. कडेला, सांडपाण्याच्या गटारीच्या अंगाला, एक गुडघा मावेल एवढी जागा झाली. कमळाची आधीची बाजू याच्या दुप्पट होती. ते दोघी जावांना आणि नेत्रालाही दिसत होतं.

कमळाने पदर खोचला आणि बसली. समोर ठेवायला तिच्याकडे अजून मासळी नव्हती. गंगुबाईने न बघता बांगडे भरलेली एक टोपली तिच्याकडे सरकवली.

नेत्रा उभीच होती. माफी मागायची राहिली होती आणि ती इथे मागता येत नव्हती.

"वहिनी, मी..."

"जा आता," कमळा म्हणाली. "गिऱ्हाईक अडतंय."